२४ लाखांचं एमबीए, नोकरीला वर्ष झाल्यावरचा हिशोब

कॉलेजचं नाव लिहित नाही, कारण हा हिशोब या फीच्या बहुतेक कॉलेजांना लागू पडेल. दोन वर्षांचं फुलटाइम एमबीए, फी होस्टेलसकट २४ लाख, सगळी लोनवर, १० टक्के व्याज.

आधी लोनचं बघा. बँक दर सेमिस्टरला ६ लाख सोडते आणि त्याच दिवसापासून व्याज सुरू, हप्ता मात्र कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी. तोवर सरळव्याज धरलं तरी ४ लाख २० हजार होतात आणि ते मुद्दलात जातात, म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज २८ लाख २० हजार. दहा वर्षांचा ईएमआय साधारण ३७ हजार. कोर्स चालू असताना घरच्यांनी नुसतं व्याज भरलं तरी खूप फरक पडतो, काही बँका त्यासाठी व्याजदरातही सूट देतात, विचारून घ्या.

आता पगार. ऑफर लेटरवर २० लाख, पण त्यात ३ लाख व्हेरिएबल, वर कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी पण त्यातच धरलेली, टॅक्स वगैरे जाऊन हातात येतात १ लाख १५ हजार. आधी ६५ हजार यायचे. सगळे इथे ५० हजार वाढले म्हणून खूश होतात, अरे पण आधीच्या नोकरीत राहिलो असतो तर दोन इन्क्रिमेंट मिळून ७८ झाले असते की! म्हणजे खरा फरक ३७ हजार, आणि ईएमआय पण ३७. सध्या डिग्रीचा फायदा शून्य. त्यात दोन वर्षांचा बुडालेला पगार साडेपंधरा लाख, तो कोणी मोजतच नाही.

मग वसूल कधी? फरक असाच ३७ वर राहिला तर लोन फिटेपर्यंत हातात काहीच नाही, त्यानंतर बुडालेला पगार भरून निघायला साडेतीन वर्षं, म्हणजे चौदावं वर्ष उजाडतं. फरक दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत गेला तर नवव्या वर्षी. म्हणून पहिल्या पॅकेजपेक्षा पाच-सात वर्षांनी तुम्ही कुठल्या रोलमध्ये असाल ते महत्त्वाचं, माझ्या बॅचमधले जे परत आयटीत जवळपास तेच काम करतायत त्यांचा फरक वाढेल असं मला तरी वाटत नाही. चोविशीत केलं तर वसुलीनंतर वीसेक वर्षं कमाईची उरतात, पस्तिशीत स्वतःच्या पैशाने करणाऱ्याचं गणित मला बसवता आलं नाही.

टॅक्सचं एक, ८०ई ची व्याजावरची सूट फक्त जुन्या रेजिममध्ये मिळते, माझ्या पगाराला नवीन रेजिमच स्वस्त पडली त्यामुळे ती सूट कागदावरच.

व्हेरिएबल आलं की २ लाख मुद्दलात टाकतोय. पहिल्या वर्षाच्या शेवटी एवढे भरले तर जवळजवळ वर्षभराचे हप्ते उडतात, फक्त बँकेला हप्ता नको, मुदत कमी करा असं लेखी द्या.