दर पाडायचा की तांत्रिक गुण वाढवायचे?

सल्लागार नेमायच्या निविदेत तांत्रिक आणि आर्थिक गुणांचं प्रमाण ७०:३० असेल, तर आधी हिशेब मांडा. समजा, एकाने दर पाडून ४० लाख भरले आणि तांत्रिक गुण मिळवले ७५. दर सर्वांत कमी, म्हणून त्याचे आर्थिक गुण पूर्ण १००, म्हणजे ५२.५ अधिक ३०, एकूण ८२.५. दुसऱ्याने ५० लाख भरले, पण तांत्रिक ८५ मिळवले. सर्वांत कमी दराच्या तुलनेत त्याचे आर्थिक गुण ८०, म्हणजे ५९.५ अधिक २४, एकूण ८३.५. महागडा जिंकला!

हे जादा दहा गुण सहसा भाषेतून नाही, कागदांतून येतात. अनुभवाच्या निकषाला नुसता कार्यादेश जोडला, तर काम पुरं झालं हे समितीने कशावरून मानायचं? रक्कम नि तारीख असलेला पूर्णत्वाचा दाखला लावा, निकषासमोर पान क्रमांक लिहा. सर्वांत कमी दरावर ठरणाऱ्या एल-वन निविदेत मात्र पात्र ठरल्यावर फक्त दरच बोलतो.