मोसंबीची बाग तलावात गेली, वाढीव मोबदल्याची मुदत वकिलाने घालवली

आमची जमीन अंबड तालुक्यात. साठवण तलावासाठी गावातल्या बऱ्याच जणांबरोबर आमचीही गेली, त्यात मोसंबीची बाग होती. सातबारा आईच्या नावावर, त्यामुळे सगळे कागद तिच्या सहीचे. २०१८ च्या फेब्रुवारीत भूसंपादन अधिकाऱ्यांनी निवाडा जाहीर केला तेव्हा आई स्वतः तिथे हजर होती. जमिनीचा दर कमी लागला होता आणि झाडांचं मूल्यांकन तर पाहवत नव्हतं. भर बहाराच्या झाडांना नुकत्याच लावलेल्या झाडांच्या आसपासचा भाव दिला होता. आईने हरकत नोंदवून पैसे उचलले आणि त्याच आठवड्यात वकीलसाहेबांना वकीलपत्र दिलं, फी दिली.

नवीन भूसंपादन कायद्यात, म्हणजे २०१३ च्या कायद्यात, मोबदला मान्य नसेल तर कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो आणि तो अर्ज ते मोबदल्याचे वाद ठरवणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवतात. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर असेल तर मुदत फक्त सहा आठवड्यांची. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर पुढे आणखी एक वर्ष अर्ज घेता येतो. त्यानंतर नाही. म्हणजे आमची मुदत २०१८ च्या मार्चअखेरीला संपत होती आणि फार ताणलं तरी २०१९ चा मार्च.

आई दर सणाला फोन करायची. "मावशी, अर्ज टाकलाय, काळजी करू नका, ही कामं सावकाशच चालतात," हे ठरलेलं उत्तर. कामं सावकाश चालतात हे खरंच आहे, म्हणून ते उत्तर पटायचं. प्रत्यक्षात त्यांनी अर्ज दिला २०२० च्या जानेवारीत. तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला आणि त्याचं पत्र त्यांच्याच पत्त्यावर गेलं. ते पत्र आम्हाला त्यांनी कधी दाखवलं नाही. त्यानंतरही चार वर्षं "तारीख लागायचीय" हेच ऐकवत राहिले.

२०२४ मध्ये शेजारच्या काकांचा निकाल लागला. एकाच तलावातली, बांधाला बांध लागून असलेली त्यांची कोरडवाहू जमीन, आणि प्राधिकरणाने दर वाढवून दिला. आमचा निकाल का नाही म्हणून मी वकीलसाहेबांकडे गेलो, तर त्यांनी विषय बदलला. मग भूसंपादन कार्यालयात माहिती अधिकारात आमच्या अर्जाची आवक नोंद आणि त्यावरचा आदेश मागितला. आवक रजिस्टरच्या झेरॉक्समध्ये आईच्या नावासमोर तारीख होती जानेवारी २०२०. सहा वर्षांचं खोटं त्या एका ओळीत उघडं पडलं.

फाईल मागायला गेलो तर म्हणाले, "आधी राहिलेली फी द्या." पक्षकाराचे कागद फीसाठी अडवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलेलं आहे. मी ते लेखी नोटिशीत लिहून पाठवलं आणि फाईल मिळाली. पण फाईल मिळेपर्यंत हातावर हात धरून बसू नका. निवाडा, आदेश, अर्ज, सगळ्याच्या नकला कार्यालयातून स्वतःच्या नावाने निघतात.

आता मिळण्यासारखं काय उरलं होतं ते सांगतो, कारण गावात कुणालाच हे नीट माहीत नव्हतं. त्याच कायद्यात कलम ७३ आहे. एकाच प्राथमिक अधिसूचनेतल्या कुणा एकाला प्राधिकरणाने वाढीव मोबदला दिला, तर ज्यांनी स्वतः अर्ज केला नव्हता किंवा ज्यांचा आमच्यासारखा मुदतीवरून फेटाळला गेला, तेही त्या निकालाच्या आधारावर मोबदला पुन्हा ठरवून मागू शकतात. मुदत त्या निकालापासून तीन महिने. निकालाचा दिवस आणि नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वगळला जातो. जुन्या १८९४ च्या कायद्यात हेच कलम २८-अ म्हणून होतं.

काकांच्या निकालाला तेव्हा दोन महिने होत आले होते. म्हणजे वकीलसाहेबांच्या शब्दावर आणखी एक सण काढला असता तर हीही वाट बंद झाली असती. दुसऱ्या वकिलांनी त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायला लावला, आणि अधिसूचनेत आमचा गट क्रमांक व काकांचा गट क्रमांक दोन्ही आहेत हे राजपत्राच्या प्रतीवर खूण करून जोडलं. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख असलेली पोच आईच्या हातात घेतली. चौकशी होऊन जमिनीचा दर काकांच्या बरोबरीने धरला गेला. दिलासा रक्कम बाजारमूल्याच्या हिशेबावर शंभर टक्के असते, म्हणून वाढलेल्या दरावर तीही वाढली.

पण मोसंबी गेली. कलम ७३ मध्ये दुसऱ्याच्या निकालाचा आधार मिळतो, आणि काकांच्या शेतात झाडच नव्हतं. बागेचं वय, उत्पन्न, बाजार समितीच्या पट्ट्या हे सगळं आमच्या स्वतःच्या कलम ६४ च्या अर्जातच मांडता आलं असतं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

झाडांची ही बुडालेली रक्कम वकिलाकडूनच मागावी लागते. लोकांनी ग्राहक मंचात जा म्हणून सुचवलं. तो रस्ता १४ मे २०२४ ला बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते आणि आम्ही केलीही आहे. तिथे गैरवर्तन सिद्ध झालं तर ताकीद, काही काळ वकिली बंद किंवा सनद रद्द होऊ शकते, पण नुकसानभरपाईचा रुपया तिथून मिळत नाही. तक्रार करणाऱ्याने हे आधीच समजून जावं.

पैशासाठी दिवाणी दावाच लागतो. १९२६ चा वकिलांच्या फीबाबतचा एक छोटा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या कलम ५ मुळे, कामातल्या हलगर्जीपणाने नुकसान झालं तर "मी वकील आहे" म्हणून दाव्यातून सुटका मिळत नाही. मुदत तीन वर्षांची. पण लबाडीने गोष्ट लपवली असेल तर मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती लबाडी कळल्यापासून मोजली जाते. म्हणून ती माहिती अधिकाराची प्रत आणि तिच्यावरची तारीख आम्ही जपून ठेवली आहे.

दाव्यात नुसती मुदत चुकली एवढं दाखवून भागत नाही. अर्ज वेळेत असता तर जास्त पैसे मिळालेच असते, आणि साधारण किती, हेही आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. बहुतेकांचे दावे इथे अडकतात. आमच्याकडे बागेचा पंचनामा, निवाड्यातली झाडांची यादी आणि जुन्या मोसंबीच्या पट्ट्या आहेत. जमिनीचे जे पैसे कलम ७३ मध्ये मिळाले ते नुकसानीतून वजा करून फक्त झाडांच्या फरकाचा आणि दिलेल्या फीचा दावा लावला आहे. उगीच आकडा फुगवला तर कोर्ट फी वाढते आणि दाव्याचा विश्वास कमी होतो. आई बाई असल्यामुळे उत्पन्नाची अट न लागता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही तिथे गेल्यावर कळलं.

दावा चालू आहे. तुमच्या गावातही तलाव, कालवा असं काही गेलं असेल आणि तुमचा अर्ज मुदतीवरून फेटाळला गेला असेल, तर आधी त्याच अधिसूचनेतल्या इतरांचे निकाल कधी लागले ते शोधा. ज्याचा निकाल लागून तीन महिने झाले नाहीत, असा एक तरी माणूस सापडतो का ते बघा.