भोकं मापात, तरी लॉट नापास: रीमर फिरवायचा की ऑफसेट सुधारायचा?

नमस्कार,

४० प्लेट परत पाठवल्या, तेव्हा फोनवर तुम्ही म्हणालात, "मागचा लॉट याच फिक्स्चरवरचा होता, तो पास झाला. प्लग गेजही जातोय. मग बिघडलं काय?" प्रश्न रास्त आहे. दोन्ही लॉटचे रिपोर्ट मी शेजारी ठेवून पाहिले. उत्तर थोडं उलटं आहे: पोझिशन या वेळी किंचित सुधारलीय, लहान झालंय ते भोक.

ड्रॉइंगवर भोकाचं माप १०.०० ते १०.२० आहे आणि पोझिशन एमएमसीला व्यास ०.२०. भोकाची एमएमसी म्हणजे सगळ्यात लहान मान्य भोक, १०.००. त्या मापाला पोझिशनची सूट फक्त ०.२०. प्रत्यक्ष भोक १०.०० पेक्षा जेवढं मोठं, तेवढा बोनस त्यात मिळतो. दोन्ही लॉटमधली नेहमीच्या मापाची एकेक प्लेट घेऊ:

| | मागचा लॉट | हा लॉट |
|---|---|---|
| भोकाचं माप | १०.१६ | १०.०४ |
| एक्समध्ये सरक | ०.११ | ०.१० |
| वायमध्ये सरक | ०.०९ | ०.०९ |
| पोझिशन | ०.२८४ | ०.२६९ |
| परवानगी | ०.३६ | ०.२४ |
| निकाल | पास | नापास |

पोझिशन काढताना दोन्ही सरकींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन ते दुप्पट करायचं, कारण टॉलरन्स व्यासात दिलेला आहे. इथे तुमचा हिशेब बरोबर होता. चूक परवानगीच्या रकान्यात झाली. तुम्ही प्रत्येक भोकाला सरसकट ०.४० धरलेत. एवढी परवानगी फक्त १०.२० च्या भोकाला मिळते. १०.०४ च्या भोकाच्या वाट्याला ०.०४ बोनस येतो, बाकीचा त्याने कमावलेलाच नाही.

प्लग गेजचंही तसंच. तो एकट्या भोकाचं माप सांगतो, भोक कुठे आहे ते नाही. आमच्या फंक्शनल गेजवर चारही पिना ९.८० च्या आहेत (१०.०० वजा ०.२०) आणि नेमक्या जागी बसवलेल्या आहेत. मागच्या लॉटच्या प्लेट त्यावर सहज बसायच्या, या अडकतात. सीएमएम आणि गेज एकच गोष्ट सांगताहेत, त्यामुळे मोजण्याचा वाद इथे नाही.

भोक लहान का झालं? माझा अंदाज, रीमर झिजलाय. झिजलेला रीमर सहसा बारीक कापतो. म्हणजे सरक आधीपासूनच होती, मोठ्या भोकाने ती झाकली होती.

आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, भोकं १०.१५ ला उघडायची. वरच्या प्लेटला तेव्हा ०.३५ परवानगी मिळेल आणि ०.२६९ आरामात बसेल. या लॉटमधलं सगळ्यात वाईट भोक १०.०३ चं आहे, पोझिशन ०.३०. त्यालाही १०.१० पुरतं, १०.१५ ला थोडी जागा हातात राहते. पण रीमर जुन्या भोकाच्या मागे जातो, त्यामुळे जागा सुधारत नाही, फक्त सूट वाढते. बोअरिंग करून केंद्र पूर्ण जाग्यावर आणू म्हणाल तर तेही होणार नाही. केंद्र ०.१३ च्या वर सरकलंय, जुनी भिंत पूर्ण साफ व्हायला भोक १०.३० च्या पुढे जाईल आणि प्लेट भंगारात.

दुसरी वाट फिक्स्चरची. दोन्ही रिपोर्टमध्ये चारही भोकं डेटमपासून एकाच दिशेला, जवळपास सारखीच सरकलीत. चिप अडकण्यासारखं अधूनमधून घडणारं कारण असतं, तर सरक प्लेटगणिक बदलली असती. इथे वर्क ऑफसेट चुकलाय किंवा लोकेटिंग पिन. एक्समध्ये ०.१० आणि वायमध्ये ०.०९ उलट दिशेला सरकवा, एक प्लेट काढा आणि मोजा. उरलेली सरक ०.०३ च्या आसपास आली तर पोझिशन ०.०६ होते, आणि मग १०.०० चं भोकही पास होतं. पण याने आधी बनलेल्या ४० प्लेटना काही फायदा नाही.

तेव्हा या लॉटला रीमर, पुढच्या लॉटला ऑफसेट. मोठा रीमर कायमचा लावून सरक तशीच ठेवण्याचा मोह होईल; ड्रॉइंगप्रमाणे ते चालतंही. पण तसं केलंत तर रीमर झिजला की आपण परत इथेच. कन्सेशन मागू नका, रिवर्क शक्य असताना डिझाइनवाले सही करणार नाहीत.

रिवर्कनंतर प्रत्येक भोकाचं माप आणि पोझिशन एकाच ओळीत लिहून पाठवा. मी परवानगी त्या ओळीवरूनच काढेन.