कायरल कार्बन: शेजारी पाहावा की वाट चालावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला गेलेली मुले कायरल कार्बन, म्हणजे चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन, दोन रीतींनी शोधतात. पहिल्या रीतीत कार्बनला थेट जोडलेले अणू तेवढे पाहतात. दुसरीत प्रत्येक गटाची वाट फरक सापडेपर्यंत चालतात. कार्बन बाद करण्यासाठी पहिली उत्तम आहे, कारण दुहेरी बंधाचा किंवा दोन-तीन हायड्रोजन असलेला कार्बन लगेच बाद होतो. संत्र्याच्या सालीतील लिमोनीनच्या 10 कार्बनांपैकी 9 असेच गळतात.

उरलेल्या एकावर मात्र ती फसते. त्याला एक हायड्रोजन, तीन कार्बनांची एक शाखा आणि कड्यातले दोन CH₂ जोडलेले असतात. ते दोन सारखे दिसल्याने मुले त्यालाही नाकारतात. कड्यातून दोन्ही बाजूंनी एकेक पाऊल पुढे गेल्यास एकीकडे दुहेरी बंधाचा CH, तर दुसरीकडे पुन्हा CH₂ लागतो. म्हणजे चारही गट वेगळे, आणि लिमोनीनची आरशातील प्रतिमा मूळ रेणूवर तंतोतंत बसत नाही, म्हणजेच रेणू कायरल आहे. म्हणून अंतिम निर्णय दुसऱ्याच रीतीने घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. असे केंद्र, म्हणजे कायरल कार्बन, एकच असेल, तर रेणू नक्की कायरल असतो. टार्टारिक आम्लासारखी दोन केंद्रे असल्यास अंतर्गत सममितीही तपासावी लागते, कारण त्याचे अशी सममिती असलेले मेसो रूप कायरल नसते.