घड्याळ थांबवायचं की चालू ठेवायचं?

बाणेरला सपोर्ट टीम सांभाळणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न, कस्टमर रिप्लायच देत नसेल तर एसएलएचं, म्हणजे तक्रारीचं तिकीट ठरल्या वेळेत सोडवायच्या कराराचं, घड्याळ थांबवावं का.

एक तिकीट घेऊ. कामाची वेळ १० ते ६, टार्गेट ८ तास. सोमवारी १० ला तिकीट आलं, ११ ला आपण लॉग मागून पेंडिंगला टाकलं, कस्टमरने मंगळवारी ४ ला लॉग पाठवला, साडेपाचला काम संपलं. घड्याळ थांबवलं तर अडीच तास, चालू ठेवलं तर साडेपंधरा, म्हणजे सरळ ब्रीच, आणि तोही आपली चूक नसताना. त्यामुळे टीमला न्याय थांबवण्यातच.

पण पळवाटही तिथेच. सातवा तास उलटला की कोणीतरी "एकदा चेक करून सांगता का" असं लिहून पेंडिंग करतो, आणि रिपोर्ट हिरवागार! हे पकडायला ब्रीचच्या जरा आधी पेंडिंग झालेली तिकिटं काढा आणि शेवटचा मेसेज वाचा, त्यात खरंच काही मागितलंय का ते लगेच कळतं. चालू घड्याळात ही चलाखी चालत नाही, सेटिंगची कटकटही नाही. थांबवायचं तर रिप्लाय येताच तिकीट आपोआप ओपन व्हायलाच हवं, नाहीतर घड्याळ झोपूनच राहतं.

पहिल्या रिप्लायच्या वेळेला दोन्हीकडे फरक नाही.

टीमचं काम मोजायचं, करारातला दंड ठरवायचा तर थांबणारं घड्याळ घ्या, फक्त करारात तसं लिहिलेलं हवं. कस्टमर किती ताटकळला हे बघायचं असेल तर चालू. मॅनेजमेंटच्या रिपोर्टमध्ये मी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देईन.