ओळख करून देणारा मेल: थेट की आधी विचारून?

नांदेडच्या मैत्रिणीला स्वतःच्या नावानं तुरडाळ विकायची होती, महिन्याला 5 क्विंटल. लातूरचे एक डाळमिलवाले काका माझ्या ओळखीचे. थेट मेल सोपा होता. दोघांना एकदम लिहायचं, "बोलून घ्या, फायदा होईल." पण कोणी कशासाठी फोन करायचा हे त्यातून कळत नाही, आणि काकांना जमणार नसेल तर तिच्यासमोरच नाही म्हणायची वेळ येते.

म्हणून मी आधी काकांना एकट्याला विचारलं. दोन दिवस गेले खरे, पण उत्तर मोलाचं आलं: "तुरीची आवक जोरात आहे, मार्चनंतर बोलू." मग एप्रिलमध्ये दोघांना मेल केला:

"काका, या ताई स्वतःच्या ब्रँडसाठी महिन्याला 5 क्विंटल डाळ घेतील. ताई, काका छोट्या ऑर्डरलाही पॅकिंग करून देतात. ताई, तुम्ही गुरुवारी दुपारी काकांना फोन करा."

प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल एकच कामाची ओळ आणि पहिला फोन कोणाचा, ते स्पष्ट. भाव मी मुद्दाम लिहिला नाही, तो त्यांनी ठरवायचा. ताईंनी उत्तर देताना मला बीसीसीत टाकलं, त्यामुळे पुढचे मेल माझ्याकडे आलेच नाहीत.

थेट मेल मी फक्त दोघांनीही आपणहून एकमेकांची चौकशी केली असेल तरच पाठवते.