भाववाढीचा दावा: पायाभूत महिना निविदेचा की कार्यादेशाचा?

लांब मुदतीच्या कामात भाववाढीच्या टिपणीवर खरा वाद सूत्रावरून क्वचितच होतो, होतो तो M0 वरून, म्हणजे पायाभूत महिन्याच्या निर्देशांकावरून. आपल्याकडच्या सरकारी बांधकाम करारांत साहित्याचं सूत्र साधारण असं असतं:

```
V = 0.85 × R × (K/100) × (M1 − M0)/M0
```

V म्हणजे भाववाढीची रक्कम, R त्या काळात झालेल्या कामाची रक्कम, K साहित्याचा टक्का, M1 त्या काळाचा घाऊक किंमत निर्देशांक. उरलेल्या 15 टक्क्यांवर वाढ मिळत नाही.

उदाहरणादाखल R 1 कोटी, K 40 आणि M1 150 धरू. निविदेच्या वेळी निर्देशांक 125 होता, कार्यादेश निघेपर्यंत 135 झाला. निविदेचा पाया धरला तर 34 लाखांवर 25/125, म्हणजे 6.80 लाख. कार्यादेशाचा धरला तर 15/135, म्हणजे सुमारे 3.78 लाख. एकाच बिलात तीन लाखांचा फरक!

माझ्या मते निविदेचा पायाच न्याय्य, कारण ठेकेदाराने दर त्या दिवशीच्या बाजारावर भरलेला असतो. पण भाव उतरले असतील तर हाच पाया वसुलीही जास्त काढतो, हे बरेच जण सोयीस्कर विसरतात. शेवटी करारातलं कलम जे म्हणेल तेच चालतं. टिपणीत ते शब्दशः उतरवावं.

एक तपासणी दोन्हीकडे लागते. M0 2004-05 च्या मालिकेतला आणि M1 2011-12 च्या मालिकेतला असेल, तर वाढीऐवजी घट दिसते. सर्व वस्तूंच्या निर्देशांकासाठी नवा आकडा 1.561 ने गुणून मगच वजाबाकी करावी.